नावे-जमा जुळणारं व्हाउचर: सीमाभागातल्या छोट्या कारखान्यासाठी पात्रता, कागदपत्रं आणि नोंदीची पद्धत

कोणाला लागू

कर्नाटकात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला उलाढाल 40 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या धंद्याला त्याआधीच दुसरा नियम गाठतो. करपात्र माल महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला विकला, की हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडता उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागतेच. नुसती कोल्हापूरहून खरेदी केली म्हणून ती लागत नाही. नोंदणी झाली की खरेदी, विक्री, साठा आणि कर यांचे हिशेब ठेवणं बंधनकारक होतं. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ते जपून ठेवावे लागतात.

व्हाउचरसोबत कोणती कागदपत्रं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपने कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून कास्टिंग आणलं असं धरू. मूळ किंमत 47,385.50 रुपये, कर 18 टक्के. सोबत मूळ बिल, माल मिळाल्याची सहीची पावती आणि ई-वे बिल लागेल. किंमत पन्नास हजारांच्या आत दिसते म्हणून ई-वे बिल मागायचं पुष्कळांकडून राहून जातं. पण 50,000 ची मर्यादा करासह मोजतात, आणि इथे ती ओलांडली आहे. बिलावरच्या पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे 27 म्हणजे महाराष्ट्र, आपले 29. म्हणून या बिलावर आयजीएसटीच हवा.

नोंद

| खातं | नावे | जमा |
|---|---|---|
| कच्चा माल खरेदी | 47,385.50 | |
| आयजीएसटी, वजावट मिळणारा | 8,529.39 | |
| पूर्णांकन | 0.11 | |
| पुरवठादार | | 55,915.00 |

नावे बाजूची बेरीज 55,915.00, जमाही तेवढीच. पूर्णांकनाची 11 पैशांची ओळ कंटाळून सोडली, की व्हाउचर तेवढ्यानेच अडतं. मग कोणीतरी ते 11 पैसे खरेदीत ढकलतं आणि खरेदीचा आकडा बिलाशी जुळेनासा होतो. ही ओळ वेगळीच ठेवा.

संगणकावर ठेवायचं तर दोन तक्ते पुरतात. एकात व्हाउचरचा क्रमांक, तारीख आणि बिल नंबर. दुसऱ्यात वरच्यासारख्या ओळी, प्रत्येक ओळीत व्हाउचर क्रमांक आणि नावे किंवा जमा यांपैकी एकच रक्कम. रक्कम रुपयांत दशांशाने न ठेवता पैशांत पूर्ण आकड्याने ठेवा: 8,529.39 ऐवजी 852939. दशांश साठवण्याच्या काही पद्धतींत अगदी बारीक फरक शिरतो आणि बरोबर व्हाउचरही न जुळल्यासारखं दिसतं. रोज संध्याकाळी ही तपासणी चालवा:

```sql
SELECT voucher_id,
  SUM(debit_paise) - SUM(credit_paise) AS diff
FROM entries
GROUP BY voucher_id
HAVING SUM(debit_paise) <> SUM(credit_paise);
```

रिकाम्या जागी शून्य भरलेला हवा, नाहीतर एकच बाजू भरलेलं व्हाउचर तपासणीतून निसटतं. एकही ओळ आली नाही, तर नोंदी असलेली सगळी व्हाउचरं जुळली. आली तर आधी फरकाकडे नीट बघा. फरकाचा अर्धा आकडा त्याच व्हाउचरमध्ये सापडला, तर ती रक्कम बहुधा चुकीच्या बाजूला पडली आहे. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर आकडे उलटसुलट झाले असण्याची शक्यता जास्त: 8,529 चे 8,592 झाले की फरक 63 येतो.

जुळूनही चुकलेलं व्हाउचर

सीमाभागात सगळ्यात जास्त त्रास याचाच. पुरवठादाराचं खातं उघडताना राज्य बदललं नाही, कर्नाटकच राहिलं, तर प्रणाली आयजीएसटीऐवजी सीजीएसटी आणि एसजीएसटी लावते. प्रत्येकी 9 टक्क्यांनी 4,264.695 येतात, म्हणजे 4,264.70, दोन्ही मिळून 8,529.40, एक पैसा जास्त. पूर्णांकन 11 ऐवजी 10 पैसे होतं आणि एकूण पुन्हा 55,915.00. पुरवठादाराची बाकी बरोबर, तेरीज बरोबर, वरची तपासणीही गप्प. कर मात्र चुकीच्या खात्यात बसलेला असतो.

ही चूक पकडायला दर महिन्याला जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या कराचं पत्रक, समोर ठेवून तिन्ही कर-खात्यांची वेगवेगळी बेरीज ताडून पाहा. नुसती एकूण कराची बेरीज पाहिली, तर तो एक पैसा नजरेत भरत नाही. 27 ने सुरू होणाऱ्या पुरवठादाराच्या व्हाउचरमध्ये सीजीएसटीची ओळ दिसली, तर ते व्हाउचर तिथेच बाजूला काढा.

दुरुस्ती

जुनी ओळ पुसू नका, तिच्यावर लिहू नका. जीएसटी नियमांत नोंद पुसायला मनाई आहे, आणि संगणकावर बदललेल्या किंवा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा लागतो. दुरुस्तीचं नवं व्हाउचर करा: आयजीएसटी नावे 8,529.39, पूर्णांकन नावे 0.01; सीजीएसटी जमा 4,264.70, एसजीएसटी जमा 4,264.70. दोन्ही बाजू 8,529.40. तपशिलात मूळ व्हाउचरचा क्रमांक आणि बिलाची तारीख लिहा, आणि पुढचं बिल नोंदण्याआधी पुरवठादाराच्या खात्यातलं राज्य बदलून टाका.