अनुच्चारित अक्षरे (इंग्रजी वर्णलेखन)

शब्द लिहिताना जे अक्षर लिहावे लागते, पण बोलताना ज्याचा ध्वनी ऐकू येत नाही, त्यास अनुच्चारित अक्षर म्हणतात. शाळेत आपण त्याला ‘सायलेंट’ म्हणतो. इंग्रजीत अशी अक्षरे पुष्कळ आहेत आणि ती पाठ करण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग नाही, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः बहुतेक अनुच्चारित अक्षरांमागे शब्दाच्या इतिहासातली एखादी घडामोड असते. मात्र प्रत्येक अक्षराची घडामोड एकाच जातीची नसते. योद्धा या अर्थाचा ‘नाइट’, तास या अर्थाचा ‘अवर’ आणि बेट या अर्थाचा ‘आयलंड’ या तीन शब्दांत हा फरक स्पष्ट दिसतो. पहिल्या शब्दातील मूक अक्षरे इंग्रज लोक एकेकाळी खरोखर उच्चारीत असत. दुसऱ्यातील अक्षराचा उच्चार इंग्लंडमध्ये या शब्दात कधीच रुजला नाही, पण त्याच्या दूरच्या पूर्वजांच्या भाषांत तो होता. तिसऱ्यातील अक्षर तर त्या शब्दाचे मुळी नव्हतेच. ते एका गैरसमजातून आत शिरले.

‘नाइट’ हा शब्द आज के, एन, आय, जी, एच, टी असा लिहितात. त्यातील के, जी आणि एच मुकी आहेत. जुन्या इंग्रजीत, म्हणजे 1066 सालच्या नॉर्मन विजयापूर्वी, तो सी, एन, आय, एच, टी असा लिहीत आणि त्याचा उच्चार साधारणपणे ‘क्निख्त’ असा करीत. प्रत्येक अक्षराला त्याचा ध्वनी होता. त्याचा अर्थ होता मुलगा, पोरगा, आणि पुढे चाकर. धन्याच्या पदरी शस्त्र धरणारा चाकर असा त्याचा रोख झाला आणि त्यातूनच पुढे मानाचा ‘नाइट’ घडला. जर्मनीतील त्याचे भावंड ‘क्नेख्त’ मात्र आजही गडी किंवा नोकर याच अर्थाने वापरात आहे, आणि त्यातले ‘क’ व ‘ख’ हे दोन्ही ध्वनी अजून बोलले जातात. नॉर्मन विजयानंतर लेखनाचे काम फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती गेले. त्यांनी अशा ठिकाणी सी ऐवजी के आणि घशातून निघणाऱ्या ‘ख’साठी एच ऐवजी जी-एच लिहिण्याचा प्रघात पाडला. म्हणजे आज जी अक्षरे सर्वांत निरर्थक वाटतात, ती त्या काळी उच्चार अधिक नेमका दाखविण्यासाठी योजलेली होती.

हे दोन ध्वनी एकाच वेळी गेले नाहीत. दक्षिण इंग्लंडमधील बोलीत ‘ख’ हा ध्वनी प्रामुख्याने 15व्या आणि 16व्या शतकांत ओसरला. ‘लाफ’, ‘कफ’ यांसारख्या काही शब्दांत तो ‘फ’ झाला, पण ‘नाइट’ आणि ‘लाइट’ या गटात तो पूर्णपणे विरला. जाताना त्याने मागच्या ऱ्हस्व ‘इ’ला दीर्घ केले. ‘क्निख्त’चे ‘क्नीत’ झाले, आणि इंग्रजीतील दीर्घ स्वरांच्या मोठ्या स्थित्यंतरात त्या ‘ई’चा ‘आइ’ झाला. विणणे या अर्थाच्या ‘निट’ शब्दाशी तुलना केली की हे ध्यानात येते. त्यात ‘ख’ हा ध्वनी कधीच नव्हता, म्हणून त्यातला स्वर ऱ्हस्वच राहिला. स्कॉटलंडच्या बोलीत रात्रीला आजही ‘निख्त’ म्हणतात, हा त्या लुप्त ध्वनीचा जिवंत पुरावा आहे. आरंभीचा ‘क’ अधिक काळ टिकला. तो 17व्या शतकाच्या अखेरीस व 18व्याच्या आरंभी गेला. तोपर्यंत लेखन बहुतांशी स्थिरावले होते, कारण कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे 1476 साली छापखाना सुरू केल्यापासून मुद्रकांच्या हाती स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले होते. उच्चार पुढे सरकला आणि छापील रूप होते तिथेच राहिले.

या मुक्या ‘क’चा माग इंग्लंडपलीकडेही काढता येतो. जाणणे या अर्थाच्या ‘नो’ या क्रियापदात आरंभी हाच मूक के आहे. संस्कृत ‘ज्ञा’ धातू आणि हे क्रियापद एकाच मूळ धातूची रूपे आहेत. त्या मूळ भाषेतील एका विशिष्ट ‘ग’चा संस्कृतात ‘ज’ झाला, ग्रीक व लॅटिनमध्ये तो ‘ग’च राहिला आणि जर्मानिक भाषांत त्याचा ‘क’ झाला. गुडघा या अर्थाच्या इंग्रजी ‘नी’मधील मूक के आणि संस्कृत ‘जानु’मधील ‘ज’ यांचेही नाते तेच आहे. विशेष म्हणजे मराठीनेही ‘ज्ञ’च्या बाबतीत असेच केले आहे. आपण ‘द्न्य’ म्हणतो, पण जोडाक्षरात लिहितो ‘ज’ आणि ‘ञ’. इंग्रजीने ध्वनी गाळला, मराठीने तो बदलला, आणि जुनी अक्षरे दोन्ही लेखनांनी जपली.

‘अवर’ची कथा निराळी आहे. एच, ओ, यू, आर असे लिहिलेल्या या शब्दाचे मूळ ग्रीक ‘होरा’ आणि त्यावरून आलेले लॅटिन ‘होरा’ हे आहे. लॅटिन बोलणाऱ्या सामान्य जनांच्या तोंडून ‘ह’ फार लवकर गळू लागला होता. इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील भिंतींवरच्या लेखांत तो अनेकदा लिहिलेलाच नाही. त्यामुळे लॅटिनपासून जुनी फ्रेंच घडली तेव्हा तिच्यात हा शब्द ‘ह’वाचूनच आला आणि फ्रेंचमधून इंग्रजीतही तसाच गेला. मध्ययुगीन इंग्रजी हस्तलिखितांत तो एच लावून आणि एच न लावता अशा दोन्ही रीतींनी लिहिलेला आढळतो. लॅटिन जाणणाऱ्या लेखकांनी एच कागदावर आणला व तो पुढे कायम झाला, पण लोकांच्या तोंडी तो बसला नाही. म्हणूनच या शब्दाआधी ‘अ’ न येता ‘ॲन’ हे उपपद येते आणि ‘आमचा’ या अर्थाच्या ‘अवर’शी त्याचा उच्चार जुळतो. ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनर’ यांची गोष्ट अशीच आहे. याउलट ‘हॉस्पिटल’ आणि ‘हंबल’ या शब्दांत लेखन पाहून लोकांनी ‘ह’ पुन्हा उच्चारण्यास सुरुवात केली. ‘हर्ब’ या शब्दात तर ब्रिटनमध्ये ‘ह’ परतला आणि अमेरिकेत परतला नाही. कागदावरचे अक्षर बोलीला असेही मागे खेचू शकते.

हा शब्द भारतातही पोहोचला, आणि ‘ह’सकट. ग्रीक ज्योतिषाबरोबर ‘होरा’ ही संज्ञा संस्कृतात आली आणि पंचांगे व ज्योतिषग्रंथ यांतून ती मराठी वाचकांना आजही परिचित आहे. ज्या ध्वनीची केवळ लेखी खूण इंग्रजीत उरली, तो आपण रोज स्पष्ट उच्चारतो. वराहमिहिराने 6व्या शतकात ‘बृहज्जातका’त या शब्दाची एक व्युत्पत्ती नोंदवली आहे. काहींच्या मते ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गळून ‘होरा’ झाला, असे तो सांगतो. ही व्युत्पत्ती अर्थाला इतकी चपखल बसते की ती खरी वाटावी. तरीही ती खरी नाही. दिसण्यातील सारखेपणावरून नाते जोडण्याचा हाच मोह ‘आयलंड’च्या बाबतीत लेखनातच उतरला.

जुन्या इंग्रजीत बेटाला ‘ईय’ म्हणत. त्याला ‘लँड’ जोडून ‘ईयलँड’ हा शब्द झाला. पाण्याशी संबंध असलेल्या एका प्राचीन शब्दावरून हा ‘ईय’ आला असून केंट परगण्यातील शेपी, म्हणजे मेंढ्यांचे बेट, या नावाच्या शेवटी तो अजून टिकून आहे. त्यात ‘स’ कोठेही नव्हता आणि डच व जर्मनमधील ‘आयलांट’ या त्याच्या भावंडांतही तो नाही. दुसरीकडे लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेला ‘आइल’ हा बेटवाचक शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत दाखल झाला. फ्रेंच बोलीत ‘ल’च्या आधीचा ‘स’ तोवर लोपला होता, त्यामुळे इंग्रजांनी तो शब्द ‘स’विनाच ऐकला. ‘त’च्या आधीचा ‘स’ मात्र फ्रेंचमध्ये आणखी काही काळ टिकून होता. म्हणून त्याच भाषेतून आलेल्या ‘बीस्ट’ आणि ‘फीस्ट’ या शब्दांत इंग्रज आजही ‘स’ उच्चारतात, जरी खुद्द फ्रेंचांनी तो नंतर सोडला. पुढे विद्वानांनी लॅटिन मुळाकडे पाहून ‘आइल’च्या लेखनात एस घातला. आता ‘आइल’ आणि ‘आयलंड’ या दोन्ही शब्दांचा अर्थ जवळचा आणि उच्चाराचा आरंभ एक. तेव्हा दुसरा पहिल्यापासूनच बनला असावा अशी समजूत होऊन 16व्या शतकात त्यालाही एस चिकटला. चर्चमधील बाकांमधल्या वाटेला म्हणतात तो ‘आइल’ लॅटिनमधील पंखवाचक ‘आला’पासून आला आहे. त्यालाही याच संसर्गाने एस मिळाला. फ्रेंचांनी आपल्या शब्दातला एस फ्रेंच अकादमीच्या 1740 सालच्या कोशात काढून टाकला आणि त्याच्या जागी स्वरावर टोपीसारखी एक खूण ठेवली. इंग्रजांनी मात्र परका एसही सांभाळला.

एखादे मूक अक्षर इतिहासाची खरी खूण आहे की नंतर जोडलेले आहे, हे केवळ आजच्या स्पेलिंगवरून ठरत नाही. त्यासाठी दोन गोष्टी तपासतात. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते अक्षर आहे का, आणि भगिनीभाषांतील त्याच शब्दात त्या जागी एखादा ध्वनी उच्चारला जातो का. ‘लाइट’ (प्रकाश) आणि ‘डिलाइट’ (आनंद) या दोन शब्दांत जी-एच अगदी सारखेच दिसते. ‘लाइट’चे जुने रूप पाहिले तर त्यात घशातला ध्वनी दाखविणारा एच आहे, आणि जर्मन ‘लिख्त’मध्ये तो आजही ऐकू येतो. ‘लाइट’मधील जी-एच या कसोटीला उतरते. ‘डिलाइट’ मात्र जर्मानिक शब्दच नव्हे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, तेथे त्यात असा ध्वनी नव्हता आणि मध्ययुगीन इंग्रजीतही तो ‘डिलीट’ असाच होता. शेवटचा भाग ‘लाइट’शी यमक जुळणारा झाल्यावर त्याचे लेखनही ‘लाइट’सारखे करण्यात आले. म्हणून ‘डिलाइट’मधील जी-एचवरून कोणत्याही प्राचीन ध्वनीचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

मराठी लेखनातही अनुच्चारित चिन्हे दीर्घकाळ होती. जुन्या छापील पुस्तकांत ‘कांटा’, ‘दांत’, ‘पांच’, ‘गांव’ असे अनुस्वार दिसतात. प्रमाण मराठी बोलीत ते उच्चारले जात नव्हते, पण ‘कण्टक’, ‘दन्त’, ‘पञ्च’ आणि ‘ग्राम’ यांतील अनुनासिकांच्या त्या खुणा होत्या. कोकणीत आणि हिंदीत या शब्दांचा स्वर आजही नाकातून निघतो, म्हणजे ‘नाइट’च्या बाबतीत जी साक्ष जर्मन देते ती येथे या भाषा देतात. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे आणि न होणारे, असे दोन्ही प्रकारचे अनुच्चारित अनुस्वार वर्ज्य केले. इंग्रजी स्पेलिंगने खऱ्याखोट्या सर्वच खुणा ठेवल्या, मराठीने दोन्ही एकदम उतरवल्या. त्यामुळे लिहिणाऱ्याचे काम सोपे झाले. पण ‘ग्राम’मधील ‘म’ कोणत्या पायरीने ‘गाव’मधील ‘व’ झाला, हे समजून घेण्यासाठी आता जुनी छापील पुस्तके उघडावी लागतात किंवा हिंदी ‘गाँव’कडे पाहावे लागते.