ब्लू स्कोअर नेमकं काय मोजतो

“ब्लू स्कोअर चांगला आला, म्हणजे भाषांतर बरोबरच असणार ना?”

नाही. यंत्राच्या भाषांतराला गुण देण्यासाठी २००२ साली आयबीएमच्या संशोधकांनी मांडलेला ब्लू अर्थ तपासतच नाही. यंत्राच्या भाषांतरातले एकेक शब्द आणि दोन, तीन, चार शब्दांच्या सलग जोडण्या माणसाने केलेल्या नमुना भाषांतरात सापडतात का, मुख्यतः एवढंच तो मोजतो.

समजा, नमुना आहे: “ताप उतरला तरी हे औषध बंद करू नका.”

यंत्र लिहितं: “ताप उतरला तरी हे औषध सुरू करू नका.” आठपैकी सात शब्द जुळले. दोन शब्दांच्या सातपैकी पाच जोड्या, तिनाच्या सहापैकी तीन आणि चाराच्या पाचपैकी दोन जुळल्या. यांची भौमितिक सरासरी काढली की १०० पैकी साधारण ५९ गुण मिळतात. सूचना मात्र पार उलटी झाली!

दुसरं यंत्र लिहितं: “ज्वर कमी झाला असला तरी औषध चालूच ठेवा.” अर्थ अचूक, पण जुळले फक्त ‘तरी’ आणि ‘औषध’. सलग जोडी एकही नाही, म्हणून गुण शून्य.

ब्लू मुळात एका वाक्यासाठी नव्हेच, तो पूर्ण मजकुरावर मोजायचा असतो. पण हजार वाक्यांत अशी चार उलटी वाक्यं असली, तर एकूण आकडा जेमतेम हलतो. म्हणून नकार, आकडे, औषधाची मात्रा, नावं असलेली वाक्यं वेगळी काढून माणसाकडून तपासून घ्यावीत आणि प्रत्येक चूक किती गंभीर आहे, तेही नोंदवावं. अर्थाची जवळीक मोजणारी कॉमेटसारखी नवी मापनं ब्लूपेक्षा बरीच सरस आहेत, तरी चुकलेला आकडा किंवा बदललेलं नाव त्यांच्याही नजरेतून निसटू शकतं.