फॉर्म्युला शीट आणि फ्लॅशकार्ड, दोन्हीत तेच लिहिलंत तर एक फुकट गेलं

माझी मामेबहीण चिपळूणची, टीवायबीकॉमला, तिने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला: दादा बघ, शीट पण झाली आणि कार्डं पण झाली. बघितलं तर शीटवर जे होतं तेच कात्रीने कापून कार्डांवर चिकटवल्यासारखं. पुढे "मार्जिन ऑफ सेफ्टी", मागे सूत्र. अशी साठ. मी पण माझ्या वेळी हेच केलेलं, वर शीट मित्राची झेरॉक्स मारून घेतलेली, म्हणजे डबल माती. शेवटच्या आठवड्यात लोकांचा गोंधळ इथेच होतो, शीट आणि कार्ड दोन्ही "रिव्हिजनचं सामान" म्हणून एकच वाटतात पण कामं एकदम वेगळी आहेत.

शीट म्हणजे गावाचा नकाशा, कोणाच्या घरामागे कोणाचं घर ते एका नजरेत दिसायला हवं. कार्ड म्हणजे अंधारात कोणीतरी हाक मारून विचारतंय, सांग आता कुठून वळायचं.

मार्जिनल कॉस्टिंगचंच घ्या, कारण तिथे हे नीट दिसतं. समजा मामीचा कोकम सरबताचा घरगुती धंदा आहे, बाटली 120 रुपयांना विकते, कोकम साखर बाटली लेबल मजुरी धरून बदलता खर्च बाटलीमागे 72, आणि शेडचं भाडं, कायम पगार वगैरे फिक्स्ड खर्च वर्षाला 96,000. कॉन्ट्रिब्युशन 48 रुपये. पीव्ही रेशो 48 ÷ 120, म्हणजे 40 टक्के. ब्रेक इव्हन 96,000 ÷ 48, म्हणजे 2,000 बाटल्या, आणि रुपयात हवा तर 96,000 ÷ 40 टक्के, म्हणजे 2,40,000. मामीने 2,500 विकल्या तर सेल्स 3,00,000, नफा 24,000, मार्जिन ऑफ सेफ्टी 60,000.

आता शीटवर ही सूत्रं एकाखाली एक यादी करून लिहायची नाहीत. मध्ये पीव्ही रेशो लिहा आणि त्याला तीन फांद्या काढा. फिक्स्ड कॉस्ट भागिले पीव्ही म्हणजे ब्रेक इव्हन सेल्स, नफा भागिले पीव्ही म्हणजे मार्जिन ऑफ सेफ्टी, दोन्हीची बेरीज भागिले पीव्ही म्हणजे एकूण सेल्स. 2,40,000 अधिक 60,000 बरोबर 3,00,000, बघा जुळलं. तीन सूत्रं वाटत होती ती एकच निघाली, फक्त वरचा आकडा बदलतो. हे नातं कार्डावर दिसूच शकत नाही कारण कार्डं सुटी असतात, आणि यादीत पण दिसत नाही. प्रत्येक सूत्रासमोर उत्तर कशात येतं ते पण लिहा, रुपये, बाटल्या, टक्के, वेळा का दिवस. बारीक गोष्ट वाटते पण ब्रेक इव्हन बाटल्यांत विचारलाय आणि 2,40,000 लिहून आलेत असे लोक मी बघितलेत.

कार्डाचं उलटं आहे. पेपरात कोणी "मार्जिन ऑफ सेफ्टीचं सूत्र लिहा" एवढ्यावर सोडत नाही, आकडे देतात आणि कुठलं सूत्र लावायचं ते तुम्ही ओळखायचं. म्हणून कार्डाच्या पुढे सूत्राचं नाव नको, परिस्थिती हवी. तिला मी हे लिहून दिलं: गेल्या वर्षी सेल्स 2,50,000 नफा 4,000, यंदा सेल्स 3,00,000 नफा 24,000, फिक्स्ड कॉस्ट काढ. कॉन्ट्रिब्युशन दिलेलंच नाही! ती थांबली, म्हणाली पीव्ही कसा काढू. इथेच कार्डाने काम केलं. नफ्यातला फरक 20,000 भागिले सेल्समधला फरक 50,000, आला 40 टक्के, मग 3,00,000 चे 40 टक्के 1,20,000, त्यातून नफा वजा, 96,000. मामीचाच धंदा, दुसऱ्या दाराने आत आलो. (हे चालतं कधी, तर विक्रीची किंमत, बाटलीमागचा खर्च आणि फिक्स्ड खर्च दोन्ही वर्षी तेच असतील तेव्हाच, हे कार्डाच्या मागे एका ओळीत टाकाच.)

कार्डाला एक रोग लागतो मात्र. तिसऱ्या दिवशी 2,50,000 दिसलं की तोंडातून 96,000 बाहेर, डोकं चाललंच नाही. प्रश्न वाचून व्हायच्या आधी उत्तर आलं की समजायचं ते कार्ड मेलं, आकडे बदला. म्हणून मागच्या बाजूला मी उत्तरापेक्षा वाट लिहायला सांगतो, "फरक ÷ फरक, मग सेल्स × पीव्ही − नफा", एवढंच.

रेशोमध्ये कार्डासाठी सगळ्यात भारी गिऱ्हाईक म्हणजे ग्रॉस प्रॉफिट कशावर. काजूगर 800 ला पडला आणि 1,000 ला विकला, नफा 200, खरेदीवर 25 टक्के पण विक्रीवर 20 टक्के. आता प्रश्न: सेल्स 10,00,000, जीपी कॉस्टवर 25 टक्के, सरासरी स्टॉक 1,00,000, स्टॉक टर्नओव्हर किती. बरोबर वाट म्हणजे 10,00,000 भागिले 1.25, कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड 8,00,000, उत्तर 8 वेळा. चुकणारा सरळ सेल्समधून 25 टक्के कापतो, 7,50,000, साडेसात वेळा. साडेसात हे उत्तर पण किती शहाणं दिसतं बघा, कुठे खटकतच नाही, म्हणून हे कार्ड पाहिजेच. शीटवर त्याला अर्धी ओळ पुरते: कॉस्टवर 1/4 तर सेल्सवर 1/5, खालच्या आकड्यात वरचा मिळवला की झालं.

मग बनवायचं कुठल्या क्रमाने, तर आधी शीट, आणि ती पण पुस्तक बंद करून. कोरा ए-फोर कागद, निळ्या पेनने जेवढं आठवेल तेवढं, साधारण अर्ध्या तासात अडाल. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनने. जे लाल त्याचीच कार्डं, निळ्याची नाही. मामेबहिणीची साठ होती त्यातली बावीस उरली. करंट रेशोचं कार्ड कशाला बनवतेस बाई, ते तुला झोपेत येतं.

रोज कार्डांचे दोन गठ्ठे, आलेलं एक दिवस सोडून, न आलेलं त्याच संध्याकाळी परत. शीट मात्र रोज वाचत बसू नका, वाचून सगळं येतंय असंच वाटतं. दोन दिवसांनी परत कोऱ्या कागदावर काढा आणि लाल किती कमी झालं ते मोजा.

ती रत्नागिरीला ट्रेनने जाते, शीट बॅगेत, कार्डं हातात. उक्षी सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, मोबाईलला रेंज नाही म्हणजे उत्तर शोधायची सोयच नाही. बोगदा संपेपर्यंत तीन कार्डं, असा तिने स्वतःच नियम केलाय. काल मेसेज आला, दोनच झाली, फिक्स्ड कॉस्टवालं परत अडलं.