bh³/3 की bh³/12? आयताचा अक्ष मध्यावर यायला लागलेली दोन शतकं

आयताचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे क्षेत्रफळाचा द्वितीय आघूर्ण, शिकताना दोन सूत्रं लागोपाठ येतात. रुंदी b आणि उंची h धरली, तर अक्ष पायाच्या कडेनं गेल्यावर bh³/3 आणि गुरुत्वमध्यातून गेल्यावर bh³/12. आयत तोच, पण उत्तरांत चौपट फरक. तुळईच्या हिशोबात यांपैकी कोणतं धरायचं, हा प्रश्न १६३८ पासून १८२६ पर्यंत रेंगाळला. त्या काळात चुकलेली माणसंही साधीसुधी नव्हती.

सुरुवात गॅलिलिओपासून होते. १६३८ साली लायडनला छापलेल्या त्याच्या पुस्तकात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचं एक चित्र आहे. तुळईच्या टोकाला वजन टांगलं आहे. गॅलिलिओनं विचार केला की तुळई मोडताना भिंतीपाशी खालच्या कडेवर टेकून तरफेसारखी फिरेल आणि छेदातले सगळे तंतू सारख्याच जोरानं ओढले जातील. तंतूंचं कमाल प्रतिबल σ धरलं, तर एकूण ओढ σbh आणि तिची भुजा h/2. म्हणून तुळईची ताकद σbh²/2. टेकू पायाशी असल्यामुळे अक्षही पायाशीच आला. चित्र बघणाऱ्या कुणालाही हे पटकन पटेल.

मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञानं प्रत्यक्ष दांडे मोडून पाहिले, तेव्हा ते या हिशोबापेक्षा कमी वजनाला मोडत होते. त्याचं लेखन तो गेल्यावर, १६८६ साली प्रसिद्ध झालं. त्यातला महत्त्वाचा मुद्दा हा की तंतू मोडण्याआधी ताणले जातात, आणि टेकूपासून जो जितका लांब तो तितका जास्त ताणला जातो. आता पायापासून y उंचीवरची एक पातळ पट्टी घ्या. तिच्यातलं प्रतिबल σy/h, क्षेत्रफळ b·dy आणि भुजा y. पट्टीच्या मोमेंटमध्ये y दोनदा येतो, एकदा प्रतिबलातून आणि एकदा भुजेतून. द्वितीय आघूर्णातला वर्ग आला तो इथून. सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की

(σ/h) · bh³/3 = σbh²/3

गॅलिलिओचा निम्मा एक तृतीयांशावर आला. पायाभोवतीचं bh³/3 इथं आपोआप अवतरलं, फक्त त्याला अजून नाव नव्हतं.

पुढं मारियॉतच्या हेही लक्षात आलं की तुळईचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो, म्हणजे मधे कुठंतरी न ताणलेली, न दाबलेली रेषा, आजच्या भाषेत न्यूट्रल अ‍ॅक्सिस, असणार. त्यानं ती मध्यावर धरून हिशोब पुन्हा केला आणि उत्तर तेच येतं असा निष्कर्ष काढला. तो चुकला होता. प्रत्येक अर्ध्या भागाची उंची h/2, म्हणून एका भागाचा वाटा σb(h/2)²/3, म्हणजेच σbh²/12. दोन्ही मिळून σbh²/6, मारियॉतच्या उत्तराच्या निम्मं. अक्ष कुठंही धरला तरी चालतं, ही समजूत याकोब बर्नूलीसारख्या गणितज्ञाकडेही टिकून राहिली. मला या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी चूक हीच वाटते.

ती चूक आकड्यांत पाहू. छेद १०० मिमी रुंद, ३०० मिमी खोल आणि σ = १० न्यूटन प्रति चौरस मिमी. गॅलिलिओच्या सूत्रानं ताकद ४५ किलोन्यूटन-मीटर, मारियॉतच्या सूत्रानं ३०, आणि बरोबर उत्तर १५. गॅलिलिओ तिप्पट, मारियॉत दुप्पट, आणि दोघांचीही चूक धोक्याच्या बाजूला.

अक्ष पायाशी का नसतो, हे ओळखायला एकच तपासणी पुरते: आडव्या बलांची बेरीज. अक्ष पायाशी धरला तर सगळा छेद ताणात जातो आणि ओढ होते σbh/2, आपल्या उदाहरणात १५० किलोन्यूटन. तिला तोलणारा दाब कुठं आहे? उरते फक्त खालची कड, आणि एका रेषेवर एवढा दाब यायचा तर तिथलं प्रतिबल अमर्याद व्हायला हवं. पारां या फ्रेंच गणितज्ञानं १७१३ साली ताण आणि दाब समान असले पाहिजेत हे स्पष्ट मांडलं, पण त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. कुलाँनं १७७३ च्या निबंधात तोच समतोल पुन्हा मांडला. नाव्हिएसुद्धा आधी अक्षाच्या जागेबाबत चुकला होता. १८२६ च्या त्याच्या व्याख्यानांत मात्र न्यूट्रल अ‍ॅक्सिस गुरुत्वमध्यातून जातो हे पक्कं झालं, आणि bh³/12 तुळईच्या सूत्रात कायमचं बसलं.

एका अक्षावरून दुसऱ्यावर जायची युक्ती मात्र तुळयांतून आलीच नाही, ती घड्याळांतून आली. हायगेन्सनं १६७३ साली लंबकांवरच्या ग्रंथात दाखवलं की टोकाला टांगलेला एकसारखा दांडा त्याच्या दोन तृतीयांश लांबीच्या साध्या लंबकासारखा झुलतो. टांगण्याची जागा बदलली की झुलण्यात काय बदल होतो, याचे त्यानं दिलेले नियम म्हणजे वेगळ्या वेषातलं समांतर अक्ष प्रमेयच. ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ हे नाव ऑयलरनं १७६५ मध्ये फिरणाऱ्या वस्तूंसाठी रूढ केलं. क्षेत्रफळाला वस्तुमान नसताना त्याला ‘इनर्शिया’ का म्हणतात, या गोंधळाचं मूळ हे. पुढं प्रमेयाला श्टायनरचं नाव चिकटलं.

प्रमेय असं: गुरुत्वमध्यापासून मोजलेलं अंतर y आणि अक्ष d नं सरकवला, तर (y + d)² ची बेरीज घ्यायची. छेदाचं क्षेत्रफळ A धरलं, तर तीन पदं मिळतात: y² ची बेरीज, 2dy ची बेरीज आणि Ad². मधलं पद शून्य होतं, कारण y गुरुत्वमध्यापासून मोजला आहे. आपल्या छेदाला मध्याभोवती २.२५ × १०⁸ मिमी⁴, Ad² = ३०,००० × १५०² = ६.७५ × १०⁸, आणि बेरीज ९ × १०⁸. हेच bh³/3.

ते मधलं पद विसरलं की घोटाळा होतो. पायावरून थेट वरच्या कडेला जायचं म्हणून ९ × १०⁸ मध्ये ३०,००० × ३००² मिळवलं, तर ३६ × १०⁸ येतं. पण वरची कड आणि खालची कड सममित आहेत, तिथलं उत्तरही ९ × १०⁸ च असायला हवं. आधी Ad² वजा करून मध्यावर यायचं, मगच दुसरीकडे जायचं.

पायाभोवतीचं bh³/3 मात्र अडगळीत गेलं नाही. तडा गेलेल्या आरसीसी तुळईत न्यूट्रल अ‍ॅक्सिसखालचं काँक्रीट ताण घेत नाही असं धरतात. उरतो तो दाबातला आयत, आणि न्यूट्रल अ‍ॅक्सिस बरोबर त्याच्या कडेवर असतो. त्या आयताची खोली x असेल तर त्याचा वाटा bx³/3. मारियॉतच्या तुळईत तोलायला कुणीच नव्हतं, इथं ते काम खालच्या सळ्या करतात. म्हणून त्यांचा वाटा m·Aₛ(d − x)² त्यात मिळवला जातो. इथला Aₛ म्हणजे सळ्यांचं क्षेत्रफळ, d वरच्या कडेपासून सळ्यांपर्यंतची खोली, आणि m स्टील व काँक्रीटच्या स्थितिस्थापकतेचं गुणोत्तर.