शिल्लक अपुरी की मॅन्डेट अपुरा? हप्ता परत जाण्याची दोन वेगळी कारणे

ठरलेल्या तारखेला कर्जाचा हप्ता खात्यातून वळता झाला नाही, की ग्राहकाच्या फोनवर येणारा निरोप बहुतेक वेळा सारखाच असतो : आपला ईएमआय बाउन्स झाला आहे, कृपया त्वरित भरणा करावा. वाचणारा साहजिकच समजतो की खात्यात पैसे कमी पडले. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु खात्यात हप्त्याच्या तिप्पट रक्कम असतानाही हप्ता परत जाऊ शकतो, कारण ज्या परवानगीच्या आधारे सावकार संस्था खात्यातून पैसे काढते, त्या परवानगीची, म्हणजे मॅन्डेटची, कमाल रक्कम ओलांडली गेलेली असते किंवा तिची मुदत संपलेली असते. हे दोन दोष बाहेरून एकसारखे दिसले तरी त्यांच्यावरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्यात खात्यात पैसे भरले की काम होते. दुसऱ्यात कितीही पैसे भरले तरी पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा परत जातो.

गृहकर्ज, वाहनकर्ज किंवा वैयक्तिक कर्ज यांचे हप्ते आज प्रामुख्याने ‘नॅच’ या व्यवस्थेतून कापले जातात. ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया म्हणजे एनपीसीआय चालवते. कर्ज घेताना आपण कागदावर सही करून, अथवा नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार यांच्या साहाय्याने ऑनलाइन, जो मॅन्डेट देतो त्यात खाते क्रमांकाबरोबर तीन गोष्टी नोंदवलेल्या असतात : एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम काढता येईल, किती दिवसांच्या अंतराने काढता येईल आणि ही परवानगी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल. प्रत्येक मॅन्डेटला वीस अक्षरांकांचा एक स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. दर महिन्याची मागणी याच क्रमांकाच्या आधारे आपल्या बँकेकडे येते. मागणी मॅन्डेटच्या अटींत बसत नसेल, तर खात्यात किती शिल्लक आहे हा प्रश्न गैरलागू ठरतो.

आधी शिलकीचा दोष पाहू. येथे मॅन्डेट पूर्णपणे वैध असतो, फक्त मागणी आली त्या क्षणी खात्यात वापरण्याजोगी रक्कम पुरेशी नसते. ‘त्या क्षणी’ आणि ‘वापरण्याजोगी’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. पगार पाच तारखेला दुपारी जमा होत असेल आणि हप्त्याची मागणी पाच तारखेलाच सकाळी आली, तर दिवसअखेरीच्या शिलकीचा काही उपयोग नाही. हप्त्याची रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात असलेली बरी. तसेच, धनादेश भरला आहे पण तो वटलेला नाही, किंवा काही रक्कम बँकेने रोखून धरली आहे, तर पासबुकात दिसणारी शिलकीची रक्कम हप्त्यासाठी उपलब्ध नसते. हप्त्यातून जमेल तेवढे कापून घेण्याची सोय यात नाही, त्यामुळे शंभर रुपये कमी असले तरी संपूर्ण मागणी परत जाते. सुट्टीविषयीचा एक जुना समजही अजून टिकून आहे. पाच तारखेला रविवार आला तर हप्ता सोमवारी जाईल, असे अनेक जण गृहीत धरतात, पण १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि बँकांच्या सुट्ट्यांनाही चालते.

मॅन्डेटचा दोष समजण्यासाठी बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाइतके स्पष्ट उदाहरण नाही. समजा, एका कुटुंबाने २०२२ च्या एप्रिलमध्ये ३० लाख रुपयांचे कर्ज ६.७ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता साधारण २२,७२२ रुपये येतो. पहिला हप्ता ५ मे २०२२ रोजी आणि दोनशे चाळिसावा ५ एप्रिल २०४२ रोजी. मॅन्डेट भरताना कमाल रक्कम २५,००० रुपये आणि शेवटची तारीख ३० एप्रिल २०४२ लिहिली गेली. त्या दिवशी दोन्ही आकडे पुरेसे वाटण्यासारखेच होते. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. ही वाढ प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने झाली, परंतु हिशोब सोपा व्हावा म्हणून ती बारा हप्ते भरून झाल्यावर एकदम लागू झाली असे धरू. कर्जाचा दरही तेवढाच वाढून ९.२ टक्के झाला आणि बाकी मुद्दल सुमारे २९ लाख २६ हजार रुपये उरले.

आता या मुद्दलावरचे एका महिन्याचे व्याजच सुमारे २२,४३३ रुपये होते. जुना हप्ता कायम ठेवला तर त्यातले तीनशे रुपयेसुद्धा मुद्दलाला लागत नाहीत, आणि कर्ज फिटायला सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल. उलट मुदत आहे तेवढीच ठेवायची तर हप्ता सुमारे २७,२०० रुपयांवर न्यावा लागेल. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, ही निवड कर्जदाराला देणे संस्थेवर बंधनकारक आहे. आपल्या कुटुंबाने मधला मार्ग धरला आणि २५,५०० रुपयांचा हप्ता मान्य केला. त्यामुळे हप्त्यांची संख्या सुमारे पन्नासने वाढली आणि शेवटचा हप्ता जून २०४६ पर्यंत लांबला.

हा निर्णय शहाणपणाचाच होता, पण मॅन्डेट मात्र जुनाच राहिला. हप्ता कमाल मर्यादेपेक्षा केवळ पाचशे रुपयांनी जास्त झाला आणि खात्यात ऐंशी हजार रुपये असतानाही पहिलीच वाढीव मागणी नाकारली गेली. समजा, मर्यादा मुळातच ३०,००० रुपये असती, तर हा अडथळा आला नसता आणि कुणाच्या काही लक्षातही आले नसते. मग एप्रिल २०४२ पर्यंत सर्व सुरळीत चालून मे महिन्यात मुदतीच्या कारणाने हप्ता परत आला असता, तेव्हा कर्जाचे चार वर्षांहून अधिक हप्ते बाकी असते. म्हणूनच, माझ्या मते, मुदतवाढीला संमती देतानाच मॅन्डेटची शेवटची तारीख विचारली पाहिजे. मर्यादेचा दोष लगेच उघड होतो, मुदतीचा दोष वर्षानुवर्षे दिसत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? आधी बँकेचे खातेविवरण काढून मागणीच्या दिवशी सकाळी किती शिल्लक होती ते पाहावे. शिल्लक अपुरी असल्यामुळे मागणी परत गेली असेल, तर बँक बहुधा परतावा शुल्क आकारते आणि त्या नोंदीत ACH किंवा NACH ही अक्षरे दिसतात. शिल्लक पुरेशी असतानाही हप्ता गेला नसेल, तर सावकार संस्थेकडे लेखी स्वरूपात दोन गोष्टी मागाव्यात : मागणी परत येण्याचे नोंदलेले कारण, आणि त्या यूएमआरएनवरची कमाल रक्कम व शेवटची तारीख. ग्राहकसेवेच्या फोनवर ‘पैसे नव्हते’ एवढेच उत्तर मिळाले तर त्यावर थांबू नये, कारण फोनवर बोलणाऱ्यासमोर अनेकदा फक्त ‘बाउन्स’ एवढीच नोंद असते.

कारण कोणतेही असो, कर्जखात्यात हप्ता थकलेलाच धरला जातो. मॅन्डेट संपला म्हणून देणे थांबत नाही, थकीत दिवस मोजले जातात आणि १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती पतमाहिती कंपन्यांकडे किमान दर पंधरवड्याला जाते. म्हणून दोन्ही प्रसंगी पहिले काम एकच : थकलेला हप्ता नेफ्ट, यूपीआय किंवा संस्थेच्या ॲपमधून त्याच दिवशी थेट कर्जखात्यात भरणे, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवणे आणि संस्थेला तसे ईमेलने कळवणे. कळवणे अशासाठी, की शिलकीमुळे परत गेलेला हप्ता काही संस्था चारआठ दिवसांत पुन्हा मागतात, आणि दरम्यान आपण स्वतः भरलेला असेल तर एकाच महिन्यात दोनदा कपात होऊ शकते.

यानंतर वाटा वेगळ्या होतात. शिलकीच्या दोषात नवा मॅन्डेट करण्याची गरज नसते. हप्त्याची तारीख पगाराच्या पुढे दोनतीन दिवस सरकवून घेणे, हा उपाय अधिक टिकाऊ ठरतो. मात्र या दोषाला कायद्याची एक बाजू आहे, ती हलक्यात घेऊ नये. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ याच्या कलम २५ नुसार अपुऱ्या शिलकीमुळे इलेक्ट्रॉनिक भरणा नाकारला जाणे हा, धनादेश न वटण्याप्रमाणेच, गुन्हा ठरू शकतो. धनकोने तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तेथेच थांबते. अशी नोटीस आल्यास ती बाजूला ठेवून देण्यासारखी नसते.

मॅन्डेटच्या दोषात नवा मॅन्डेट करणे किंवा जुन्यात सुधारणा करणे हाच मार्ग आहे, आणि तो मंजूर होईपर्यंतचे हप्ते हाताने भरावे लागतात. हप्ता वाढवल्याचे संस्थेला माहीत असताना तिने मॅन्डेट बदलून घेतला नसेल, तर लावलेले बाउन्स शुल्क परत मागणे रास्त आहे आणि ते लेखी मागावे. नवा मॅन्डेट करताना अनेक जण कमाल रक्कम हप्त्याएवढीच ठेवण्याचा आग्रह धरतात. त्यामागची धास्ती समजण्यासारखी आहे, परंतु कमाल रक्कम ही फक्त परवानगीची हद्द असते, कापली जाणारी रक्कम नव्हे. वरच्या उदाहरणात मुदत न वाढवता हप्ता जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढला असता, तेव्हा बदलत्या दराच्या कर्जासाठी पंचवीसतीस टक्के जादा मर्यादा मला योग्य वाटते.

ओटीटी, विमा किंवा म्युच्युअल फंडाच्या एसआयपीसाठी वापरल्या जाणाऱ्या यूपीआय ऑटोपेमध्येही हेच दोन दोष आढळतात, पण तेथे मर्यादा दुहेरी असते. आपण ठरवलेल्या कमाल रकमेखेरीज पिनशिवाय होणाऱ्या कपातीलाही हद्द आहे : सर्वसाधारणपणे १५,००० रुपये, तर म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी एक लाख रुपये. त्यापुढच्या रकमेला दर वेळी यूपीआय पिन द्यावा लागतो, आणि तो दिला नाही तर शिल्लक असूनही कपात होत नाही. कपातीच्या किमान चोवीस तास आधी येणाऱ्या सूचनेत रक्कम दिलेली असते, ती मॅन्डेटच्या हद्दीत बसते का हे तेव्हाच पाहता येते. शिलकीच्या दोषात येथे थोडी सवलतही मिळते. १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या नियमांनुसार एका मागणीसाठी एक प्रयत्न आणि जास्तीत जास्त तीन फेरप्रयत्न करता येतात, आणि तेही सकाळी दहापूर्वी, दुपारी एक ते पाच किंवा रात्री साडेनऊनंतर. सकाळचा प्रयत्न फसल्याचे कळताच खात्यात पैसे भरले, तर पुढचा प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता राहते. मुदत संपलेल्या ऑटोपेबाबत मात्र फेरप्रयत्नांचा उपयोग नाही. यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात त्याची शेवटची तारीख दिसते, आणि ती उलटून गेलेली असेल तर संबंधित सेवेच्या ॲपमधून नवा मॅन्डेट सुरू करून पिनने मंजूर करावा लागतो.