जोर एका शब्दावर, संशय दुसऱ्यावर

हे वाक्य घ्या, "मी काल सुनीलला पैसे दिले नाहीत." सपाट आवाजात म्हटलं तर नुसती माहिती आहे. आता 'मी'वर जोर देऊन म्हणा. ऐकणाऱ्याला लगेच वाटतं की पैसे दिले गेलेत, देणारा दुसराच कोणीतरी आहे. जोर 'काल'वर आणा, मग दिलेत पण परवा वगैरे. 'सुनीलला'वर दिला तर भलत्याच कोणाला तरी पोचले, आणि 'पैसे'वर दिला तर चेक दिला असेल किंवा नुसतं आश्वासन 😄

असं का होतं? जोर पडला की ऐकणारा त्या शब्दाच्या जागी बसू शकणारे बाकीचे पर्याय मनात आणतो. मी नाही तर कोण, दादा, वहिनी, की शेजारचे काका? भाषाशास्त्रज्ञ मॅट्स रूथने १९८५ च्या प्रबंधात जोराचा अर्थ ह्या पर्यायांच्या गटावरूनच मांडला. पण दुसऱ्या कोणी पैसे दिले हे वाक्यात कुठेच म्हटलेलं नाहीये, तो आपण काढलेला अंदाज असतो, म्हणून बोलणारा पुढे "आणि खरं तर कोणीच दिले नाहीत" असं जोडून तो पुसून टाकू शकतो आणि स्वतःच्या वाक्याला खोटंही पाडत नाही. वकील लोकांना हे बरोबर कळतं.

आता आवाजात नेमकं काय बदलतं, तर आपल्याला वाटतं की आपण मोठ्याने बोलतो, पण मोठेपणा हा त्यातला एकच भाग आहे. त्या शब्दावर सूर जास्त वरखाली होतो, शब्द थोडा लांबतो, आणि इंग्रजी, हिंदीसारख्या बऱ्याच भाषांत त्याच्या पुढचे शब्द सुरात दबून सपाट होतात. हे दबणं मला सगळ्यात भारी वाटतं, कारण शब्द उठून दिसतो तो शेजारचे खाली बसल्यामुळेही. घरी बघायचं असेल तर Praat नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रेकॉर्डिंग उघडलं की सुराची रेघ दिसते. 'क', 'स', 'प' आले की रेघ तुटते, तिथे स्वरयंत्राच्या पट्ट्या थरथरत नाहीत म्हणून, तो बिघाड नाही. मधेच रेघ अचानक बरोबर दुप्पट वर किंवा निम्म्यावर गेली तर मात्र बहुतेक मोजणी चुकलीय. आणि तुलना करायची ती एकाच माणसाच्या आवाजातली, वेगवेगळ्या माणसांचे सूर मुळातच वेगळे असतात.

लिहिताना हा सूर जातो, मग आपण 'च' लावतो. पण इथे तो चालत नाही! "मीच पैसे दिले नाहीत" लिहिलंत तर अर्थ होतो, मी मुद्दाम दिले नाहीत, म्हणजे दोष अंगावर घेतलात. आपल्याला म्हणायचं होतं ते "पैसे मी नाही दिले", इथे 'नाही' उचलून 'मी'च्या शेजारी आणला की मेसेजमध्येसुद्धा काम बरंचसं होतं.