सिलिकॉन म्हणजे फ्लॅशिंग नव्हे

कोथरूडमधल्या एका बंगल्यात जिन्यावर चार बाय चार फुटांचं स्कायलाइट आहे. ते दर जुलैत ठिबकायचं आणि दर ऑगस्टमध्ये काका काचेच्या कडेनं सिलिकॉन मारून घ्यायचे. "फ्लॅशिंग चारदा केलंय," असं त्यांनी मला सांगितलं. वर जाऊन पाहिलं तर फ्लॅशिंग नव्हतंच.

सिलिकॉन चिकटून पाणी अडवतं. फ्लॅशिंग म्हणजे वाकवलेला पत्रा. तो कौलांसारखा वरचा खालच्यावर चढतो आणि पाण्याला बाहेर वाट दाखवतो, त्याला चिकटावं लागत नाही. फरक पडतो तो उन्हात. मे महिन्यात दुपार ते पहाट ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं तापमान ४० अंशांनी सहज बदलतं, तेव्हा चार फुटांची पट्टी सुमारे १ मिमी लांब-आखूड होते. सिलिकॉनचा थर २ मिमीचा असेल, तर तो रोज निम्म्यानं ताणला जातो आणि पावसाळ्याआधीच कड सोडतो. त्याला निदान ६ मिमीची फट हवी, मागे फोमची दोरी हवी.

तरी काकांच्या घरी दोषी सिलिकॉन नव्हतंच. काच कोरडी ठेवून आम्ही फक्त गच्चीच्या कोब्यावर, स्कायलाइटची फ्रेम ज्यावर बसते त्या कट्ट्याला लागून, पाइप सोडला. वीस मिनिटांत जिन्यात थेंब पडला. स्लॅबपासून सहा इंचांचा कट्टा बांधला होता खरा, पण नंतर साडेचार इंचांचा ब्रिकबॅट कोबा झाला आणि वर उरला दीड इंच! पन्हाळीत पानं अडकली की पाणी थेट फ्रेमखाली.

कट्टा कोब्याच्या वर सहा इंच येईल इतका वाढवला. वॉटरप्रूफिंग त्याच्या अंगावर उभं चढवलं. फ्रेमखालून निघालेला पत्रा त्यावर चार इंच उतरवला, खालची कड जरा बाहेर वळवली, म्हणजे थेंब भिंतीला न चिकटता सुटतो. स्क्रू उभ्या बाजूनं मारले. वरून मारलेला स्क्रू म्हणजे आयतं भोक. काचेला एका बाजूला चार इंच उतार दिला. (डिसेंबरच्या पहाटे, पाऊस नसताना काचेला आतून थेंब दिसले तर तो घाम, गळती नाही.)

उन्हाचंही असंच आहे. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सपाट काच पूर्ण तापते. आतून लावलेला पडदा चकाकी कमी करतो, पण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं, उष्णता जिन्यातच राहते. म्हणून काचेच्या सहा इंच वर हिरवी शेडनेट ताणली, मार्च ते मे. वेल्डर नेटच्या सांगाड्याच्या पायांसाठी कोब्यात ड्रिल मारायला निघाला होता. त्याला थांबवलं आणि पाय काँक्रीट भरलेल्या कुंड्यांत उभे केले.